एका कांद्यातून तीन संख्या: पेशीचं जलविभव, द्राव्य विभव आणि दाब विभव कसं काढायचं

वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासात Ψ = Ψs + Ψp हे समीकरण एका ओळीत येतं आणि परीक्षेत त्यावर बेरजेचं एक गणित येतं. इंदूरच्या भंवरकुआ भागातल्या क्लासेसमध्ये ते सोडवून घेतात आणि बहुतेक मुलांचं उत्तर बरोबरही येतं. पण त्या तीन संख्या खऱ्या पेशीत कुठून येतात, त्यांपैकी मोजता काय येतं आणि काढावं काय लागतं, हे मात्र राहून जातं. इथे चोइथराम मंडीतला एक साधा लाल कांदा घेऊन जलविभव एका प्रयोगाने, द्राव्य विभव दुसऱ्या प्रयोगाने आणि दाब विभव वजाबाकीने काढू. आकडे उदाहरणासाठी घेतलेले आहेत, मात्र कांद्यात साधारण याच टप्प्यातले आकडे मिळतात.

आधी चिन्हं पक्की करू

शुद्ध पाणी, सभोवतालच्या हवेच्या दाबाखाली आणि त्याच तापमानाला असताना त्याचं जलविभव शून्य धरतात. बाकी सगळं या शून्याच्या तुलनेत मोजायचं. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे, त्यामुळे इथला हवेचा दाब मुंबईपेक्षा थोडा कमी असतो. त्याने आपल्या गणितात काही बदलत नाही, कारण पेशीतला दाब आपण बाहेरच्या हवेच्या वर किती आहे एवढाच मोजतो.

पाण्यात साखर, क्षार, काहीही विरघळलं की पाण्याच्या रेणूंची मोकळेपणाने हलण्याची क्षमता कमी होते. ही घट म्हणजे द्राव्य विभव, Ψs. ते कायम ऋण असतं. शुद्ध पाण्यात शून्य, पण धन कधीच नाही. दाब विभव Ψp म्हणजे पेशीतल्या द्रवावर असलेला दाब. पाणी आत आलं की पेशी फुगते, पेशीभित्तिका ताणली जाते आणि ताणलेली भित्तिका आतल्या द्रवाला उलट दाबते. जिवंत, ताठ पेशीत हा दाब धन असतो, पेशी मलूल झाली की शून्यावर येतो. ऋण दाब प्रामुख्याने काष्ठवाहिन्यांत सापडतो, जिथे पाण्याचा स्तंभ वर ओढला जात असतो. कांद्याच्या पेशीत तो धरायची गरज नाही.

या दोहोंची बेरीज म्हणजे जलविभव, Ψ. पाणी जास्त Ψ कडून कमी Ψ कडे जातं, आणि ऋण संख्यांत −0.3 ही −0.6 पेक्षा मोठी असते. वाचायला क्षुल्लक वाटतं, पण या विषयातल्या निम्म्याअधिक चुका इथेच होतात. जुन्या पुस्तकांत परासरण दाब धन लिहून त्यातून स्फीती दाब वजा करायची पद्धत होती. दोन्ही पद्धतींची चिन्हं एकाच गणितात मिसळली की उत्तर हमखास उलटं येतं. एक पद्धत धरा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा.

सूत्र आणि त्यातलं तापमान

द्रावणाचं द्राव्य विभव असं काढतात:

```
Ψs = −iCRT
R  = 0.00831 (लिटर × मेगापास्कल) / (मोल × केल्व्हिन)
T  = 273 + सेल्सिअस
```

C म्हणजे दर लिटरला किती मोल. i म्हणजे एक रेणू विरघळल्यावर त्याचे किती कण होतात. सुक्रोज, म्हणजे आपली साखर, फुटत नाही, म्हणून तिच्यासाठी i = 1. मिठाचे दोन आयन होतात, पण आपल्याला लागणाऱ्या संहतींना ते पूर्ण सुटे वागत नाहीत, त्यामुळे i दोनाच्या जरा खालीच धरावा लागतो. शिवाय मीठ पेशीपटलातून हळूहळू आतही शिरतं. म्हणून या प्रयोगाला साखरच घ्यावी.

T केल्व्हिनमध्येच हवं. प्रयोगशाळेत 27 अंश असताना T = 300. चुकून 27 टाकलं तर उत्तर अकरा पटींनी लहान येतं. 0.4 मोलर साखरेचं द्राव्य विभव −0.09 मेगापास्कल दिसलं, तर ही चूक झाली असं समजा. खरं उत्तर −1.0 च्या आसपास हवं. याउलट, खोलीचं तापमान दोन-तीन अंशांनी इकडेतिकडे झालं तर फारसं बिघडत नाही. जानेवारीत वर्ग 17 अंशांवर असो की मे महिन्यात 37 वर, T 290 आणि 310 होतं, म्हणजे फरक सुमारे सात टक्के. तरीही भिंतीवरचं नाही, द्रावणात बुडवलेल्या थर्मामीटरचं तापमान लिहा.

27 अंशांना RT = 0.00831 × 300 = 2.493. ही संख्या वहीच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. पुढे प्रत्येक वेळी संहतीला तिनेच गुणायचं आहे.

कांदाच का

कांद्याच्या मांसल पाकळीच्या बाहेरच्या, फुगीर बाजूच्या पापुद्र्यात जांभळट रंग रिक्तिकेत साठलेला असतो. पेशीतला द्रव आक्रसला की रंगही आक्रसतो, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली ते न रंगवता दिसतं. पाकळीचे तुकडे वजन करण्याइतके जाडही असतात. बटाट्याचे दंडगोल वजनाला उत्तम, पण त्यांच्या रंगहीन पेशींत प्लाझ्मोलिसिस, म्हणजे पाणी गमावल्यामुळे पेशीपटल भित्तिकेपासून सुटणं, ओळखणं कठीण जातं.

आता एक शंका येते. वजन करताना आपण पूर्ण पाकळी वापरणार, तिच्यात आतल्या गराच्या पेशी जास्त. प्लाझ्मोलिसिस मात्र पापुद्र्यात पाहणार. दोन वेगळ्या ऊतींच्या संख्या एकाच समीकरणात कशा टाकायच्या? टाकता येतात, आणि का ते समजलं की हे समीकरण खऱ्या अर्थाने समजलं. शेजारशेजारच्या पेशींत Ψ वेगळं असेल तर पाणी वाहतं, आणि ते सारखं होईपर्यंत वाहत राहतं. साठवणीतल्या कांद्यात पाणी वेगाने येत-जात नाही, म्हणून एकाच पाकळीतल्या पेशींचं Ψ जवळजवळ सारखंच असतं. Ψs मात्र पेशीपेशीत वेगळं असू शकतं. जिथे द्राव्य जास्त, तिथे दाबही तेवढा जास्त असतो आणि बेरीज जुळते. म्हणून पाकळीच्या वजनावरून काढलेलं Ψ पापुद्र्याला लावणं रास्त आहे. पाकळीच्या वजनावरून काढलेलं Ψ आणि दुसऱ्याच कांद्याच्या पापुद्र्याचं Ψs मात्र एकत्र करू नका. एका कांद्यात, शक्यतो एकाच पाकळीत, दोन्ही प्रयोग करा.

एक मोलरचं मूळ द्रावण

सुक्रोजचा एक मोल म्हणजे 342.3 ग्रॅम. 250 मिलिलिटर द्रावणाला 85.6 ग्रॅम लागतात. किराणा दुकानातली स्वच्छ, दाणेदार पांढरी साखर चालते. पिठीसाखर नको, तिच्यात कधीकधी कॉर्नस्टार्च असतं.

साखर बीकरमध्ये सुमारे 150 मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात ढवळून पूर्ण विरघळवा, गरम केलं असेल तर थंड होऊ द्या, मग मोजपात्रात ओतून 250 च्या खुणेपर्यंत पाणी घाला. 250 मिलिलिटर पाणी घेऊन त्यात साखर टाकायची नाही. 85.6 ग्रॅम साखर विरघळल्यावर सुमारे 53 मिलिलिटर जागा व्यापते, म्हणजे द्रावण 303 मिलिलिटर होतं आणि संहती 1 ऐवजी जेमतेम 0.83 मोलर राहते. ही चूक पुढच्या सगळ्या सौम्य द्रावणांत त्याच प्रमाणात उतरते. आलेख सुबक दिसतो, रेषा सरळ येते, आणि उत्तर मात्र खरं असायला हवं त्यापेक्षा सुमारे वीस टक्के जास्त ऋण येतं. आलेखाकडे पाहून ही चूक सापडत नाही, म्हणून ती इथेच टाळायला हवी.

वजनाच्या प्रयोगासाठी प्रत्येकी 50 मिलिलिटर हवं: मूळ द्रावणाचे 5, 10, 15, 20 आणि 25 मिलिलिटर घेऊन प्रत्येक पाण्याने 50 करा, म्हणजे 0.1 ते 0.5 मोलर तयार. सहाव्या बीकरमध्ये नुसतं पाणी. प्लाझ्मोलिसिससाठी 20-20 मिलिलिटर पुरतं: मूळ द्रावणाचे 6, 7, 8, 9 आणि 10 मिलिलिटर घेऊन 20 करा, म्हणजे 0.30, 0.35, 0.40, 0.45 आणि 0.50 मोलर. साखरेचं द्रावण उन्हाळ्यात एका दिवसात आंबू लागतं, तेव्हा ते त्याच दिवशी करावं.

पहिला प्रयोग: वजनावरून Ψ

बाहेरच्या कोरड्या साली काढून टाका. पहिली मांसल पाकळी बरेचदा सुकलेली असते, तीही सोडा. दुसरी किंवा तिसरी पाकळी घ्या. तिच्यातून आधी पुढच्या प्रयोगासाठी हातभर नव्हे, पण दोन बोटं रुंदीचा भाग ओल्या फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवा. उरलेल्या भागाचे पाच मिलिमीटर रुंद आणि दोन सेंटिमीटर लांब पट्टे कापा. रुंद तुकडे नकोत. पापुद्र्याच्या मेणचट थरातून पाणी फार हळू जातं, येणं-जाणं मुख्यतः कापलेल्या कडांतून होतं.

सहा गट करा, प्रत्येकात साधारण तीन ग्रॅम. वजनकाटा 0.01 ग्रॅम दाखवणारा हवा. सराफ्यात वापरतात तसला छोटा काटा पुरेसा आहे. प्रत्येक गट गाळणकागदावर दोन्ही बाजूंनी हलका टेकवून टिपा, वजन लिहा आणि द्रावणात टाका. मे महिन्यात, विशेषतः पंखा चालू असेल तर, कापलेले पट्टे ताटलीत पडल्या पडल्या सुकतात, म्हणून एक गट कापून, टिपून, तोलून, बुडवून मगच दुसरा कापा. बीकर झाका. तीन तासांनी पट्टे काढा, पुन्हा त्याच रीतीने टिपा आणि तोला.

टिपण्याची रीत दोन्ही वेळी एकच हवी, आणि यावर जास्त जोर द्यायचं कारण आकड्यांतच आहे. तीन ग्रॅमच्या पट्ट्यांवर 0.06 ग्रॅम द्रावण चिकटून राहिलं तर दोन टक्के वाढ खोटी दिसते. सगळीच रेषा दोन टक्क्यांनी वर सरकते, आणि तिचा शून्याशी छेद सुमारे 0.05 मोलरने पुढे जातो, म्हणजे Ψ मध्ये 0.13 मेगापास्कलची चूक. काट्याच्या अचूकतेपेक्षा ही कितीतरी मोठी आहे.

समजा, असे आकडे आले:

| साखर, मोलर | आधी, ग्रॅम | नंतर, ग्रॅम | बदल, टक्के |
|---|---|---|---|
| 0.0 | 3.12 | 3.42 | +9.6 |
| 0.1 | 3.05 | 3.23 | +5.9 |
| 0.2 | 3.20 | 3.27 | +2.2 |
| 0.3 | 3.08 | 3.03 | −1.6 |
| 0.4 | 3.15 | 2.98 | −5.4 |
| 0.5 | 3.10 | 2.85 | −8.1 |

बदल ग्रॅममध्ये नाही, टक्क्यांत काढायचा, कारण सुरुवातीची वजनं सारखी नाहीत. आडव्या अक्षावर संहती आणि उभ्यावर टक्के घेतले की रेषा 0.2 आणि 0.3 च्या मध्ये शून्य ओलांडते. अंतर भागून काढू: 2.2 ÷ (2.2 + 1.6) = 0.58, म्हणजे 0.2 + 0.058, जवळपास 0.26 मोलर.

0.26 मोलर द्रावणात पट्ट्यांनी पाणी घेतलंही नसतं आणि सोडलंही नसतं. म्हणजे त्या द्रावणाचं आणि पेशींचं जलविभव सारखं. उघड्या बीकरमधल्या द्रावणावर जादा दाब नसतो, Ψp = 0, म्हणून त्याचं Ψ म्हणजे त्याचं Ψs:

```
Ψ = −1 × 0.26 × 2.493 = −0.65 मेगापास्कल
```

तीन तासांत पट्टे समतोलाला पोचले की नाही, याची इथे फार चिंता नको. समतोल अपुरा असेल तर वाढही अपुरी आणि घटही अपुरी. रेषेचा चढ कमी होतो, पण ती शून्य ओलांडते ती जागा तीच राहते. पाणी कोणत्या दिशेला जातं हे पहिल्या मिनिटापासून ठरलेलं असतं. या पद्धतीचं खरं बळ हेच आहे. रात्रभर ठेवल्याने मात्र नुकसान होतं: कापलेल्या पेशी सडू लागतात, त्यांतली द्राव्यं बाहेर झिरपतात.

इथे पेशीचं Ψ मिळालं. साखरेच्या द्रावणाचं Ψs वापरून ते काढलं, म्हणून −0.65 ला पेशीचं द्राव्य विभव म्हणून लिहिणारे पुष्कळ असतात. द्रावणाचं Ψs पेशीच्या Ψ इतकं आहे. पेशीचं स्वतःचं Ψs अजून कळलेलं नाही.

दुसरा प्रयोग: प्लाझ्मोलिसिसवरून Ψs

पेशीतला दाब शून्य होईल तिथे Ψ आणि Ψs एक होतात. ती स्थिती डोळ्यांनी ओळखायची. पाणी जात जात पेशी लहान होते, भित्तिकेचा ताण सुटतो, आणि एका क्षणी द्रव भित्तिकेला नुसता टेकलेला असतो, दाबत नसतो. त्याच्या पुढे जरा जरी पाणी गेलं तरी पेशीपटल भित्तिकेपासून सुटतं. हा उंबरठा एका पेशीत नेमका पकडता येत नाही, शिवाय सगळ्या पेशी सारख्या नसतात. म्हणून ज्या द्रावणात निम्म्या पेशी सुटलेल्या दिसतात, तिथे सरासरी पेशी उंबरठ्यावर आहे असं धरतात.

राखून ठेवलेल्या भागाच्या फुगीर बाजूचा पापुद्रा चिमट्याने सोला आणि पाच-पाच मिलिमीटरचे चौकोन करा. प्रत्येक द्रावणात दोन चौकोन, अर्धा तास. चौकोन तरंगत राहिला तर खालच्या बाजूला हवा अडकलेली असते. तो ब्रशने दाबून बुडवा. मग काचपट्टीवर त्याच द्रावणाचा थेंब घेऊन त्यात ठेवा आणि आच्छादक काच लावा. थेंब पाण्याचा घेतला तर सुटलेलं पेशीपटल काही मिनिटांत परत फुगून भित्तिकेला लागतं आणि सगळ्याच द्रावणांत प्लाझ्मोलिसिस नाही असं दिसतं. 0.50 मोलरलाही एकही पेशी सुटलेली नसेल तर सर्वांत आधी हाच संशय घ्या.

चार-पाच जागा बदलून शंभर पेशी मोजा. एका कोपऱ्यातूनही रंग आत सरकला असेल तर ती सुटलेली धरा. निम्मा आक्रसल्याशिवाय न धरण्याची सवय उत्तर जास्त ऋण करते. कापलेल्या कडेजवळच्या आणि रंग नसलेल्या पेशी मोजू नका. त्या फाटलेल्या असतात, आणि मेलेल्या पेशीचं पेशीपटल पाणी आणि साखर दोन्हींना वाट देतं, तिथे प्लाझ्मोलिसिस होत नाही.

समजा 0.30 मध्ये 4, 0.35 मध्ये 15, 0.40 मध्ये 38, 0.45 मध्ये 63 आणि 0.50 मध्ये 90 पेशी सुटलेल्या मिळाल्या. पन्नास टक्के 0.40 आणि 0.45 च्या मध्ये येतात: (50 − 38) ÷ (63 − 38) = 0.48, त्याला 0.05 ने गुणून 0.024. उत्तर 0.42 मोलर.

```
Ψs = −1 × 0.42 × 2.493 = −1.05 मेगापास्कल
```

वजाबाकी, आणि तिच्यातली एक दुरुस्ती

आता Ψp = Ψ − Ψs:

```
Ψp = −0.65 − (−1.05) = +0.40 मेगापास्कल
```

दोन ऋण चिन्हांत एक गळालं तर −1.70 येतं. ताठ कांद्याच्या पेशीत ऋण दाब आला की गणित परत तपासा. +0.40 म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दाबाच्या जवळपास दुप्पट. इतका दाब भित्तिका पेलते म्हणूनच पाकळी कुरकुरीत लागते.

शालेय वहीत इथे थांबतात. पण एक गोष्ट खुपते. −1.05 हे द्राव्य विभव पेशी आक्रसून उंबरठ्यावर आली तेव्हाचं आहे. मूळ कांद्यात ती याहून मोठी होती, तिच्यात पाणी जास्त होतं, म्हणून द्राव्य थोडं विरळ होतं. −0.65 मात्र मूळ स्थितीचं आहे. दोन वेगवेगळ्या क्षणांच्या संख्या वजा केल्या गेल्या.

दुरुस्तीला लागणारी माहिती आपल्याजवळच आहे. वजनाच्या तक्त्यात 0.4 ला 5.4 टक्के आणि 0.5 ला 8.1 टक्के घट आहे; 0.42 ला ती सुमारे 6 टक्के येते. म्हणजे उंबरठ्यावरची पेशी मूळ आकाराच्या 0.94 पट होती. द्राव्याची एकूण मात्रा तीच असताना Ψs आकारमानाच्या व्यस्त प्रमाणात बदलतं, म्हणून:

```
मूळ Ψs = −1.05 × 0.94 = −0.99 मेगापास्कल
मूळ Ψp = −0.65 − (−0.99) = +0.34 मेगापास्कल
```

0.40 वरून 0.34. दाबात पंधरा टक्के फरक, तोही एका छोट्या गुणाकाराने. ही दुरुस्ती ढोबळ आहे, कारण वजनात न हलणारा कोरडा भागही धरला गेला आणि पापुद्र्याची घट गराच्या घटीसारखीच मानली. इथे समतोलाचाही प्रश्न येतो: शून्याच्या छेदाला तो लागत नव्हता, पण घटीचा आकडा तीन तासांत अपुरा राहिला असेल तर दुरुस्तीही अपुरी राहते. तरी ती न करण्यापेक्षा केलेली बरी.

संख्या आपसांत जुळतात का

आता शुद्ध पाण्यातल्या पट्ट्यांकडे परत पाहू. तिथे वजन 9.6 टक्क्यांनी वाढलं, म्हणजे आकारमान 1.096 पट. Ψs = −0.99 ÷ 1.096 = −0.90. बाहेर शुद्ध पाणी आहे, समतोलाला Ψ शून्य व्हायला हवं, म्हणून Ψp = +0.90. पाणी आत जाणं इथे थांबतं ते पेशीतलं द्राव्य संपल्यामुळे नाही, तर दाबाने द्राव्य विभवाची पूर्ण भरपाई केल्यामुळे. आकारमान जेमतेम दहा टक्के वाढलं, तेवढ्यात Ψs 0.09 ने सरकलं आणि Ψp 0.56 ने. भित्तिका ताठ असल्याने पेशीचं जलविभव मुख्यतः दाबाच्या बदलाने हलतं.

दुसरं उदाहरण परीक्षेच्या धाटणीचं घेऊ. हीच पेशी 0.15 मोलर साखरेत टाकली तर? द्रावणाचं Ψ = −0.15 × 2.493 = −0.37. पेशीचं −0.65. म्हणजे पाणी द्रावणातून पेशीत जाईल. द्रावण भरपूर आणि पेशी लहान, त्यामुळे द्रावण बदलत नाही. शेवटी पेशीचं Ψ −0.37 होईल. Ψs बदललं नाही असं धरलं तर Ψp = −0.37 + 0.99 = +0.62. आलेखावर 0.15 ला सुमारे 4 टक्के वाढ दिसते, ती धरली तर Ψs = −0.99 ÷ 1.04 = −0.95 आणि Ψp = +0.58. प्रश्नात आकारमानाची माहिती दिलेली नसेल तर पहिलं उत्तरच अपेक्षित असतं. दिलेली असेल तर ती वापरलीच पाहिजे.

आलेखात 0.5 ला रेषा जरा सपाट होते, ते काट्याच्या चुकीमुळे नव्हे. उंबरठ्यानंतर पेशीपटल सुटून जी जागा रिकामी होते, तिथे भित्तिकेतून साखरेचं द्रावण शिरतं. पेशी पाणी गमावत राहते, पण पट्ट्याचं वजन तेवढं उतरत नाही. म्हणून शून्याचा छेद काढायला रेषा ओढताना 0.4 च्या पुढचे बिंदू तिला ओढू देऊ नका.

शेजारच्या दोन पेशींचं गणितही आता सरळ सुटतं. पेशी अ: Ψs −1.0, Ψp +0.4. पेशी ब: Ψs −0.8, Ψp +0.1. अ मध्ये द्राव्य जास्त, म्हणून पाणी अ कडे जाईल असं वाटतं. बेरीज करा: अ चं −0.6, ब चं −0.7. पाणी अ मधून ब मध्ये जातं, जास्त द्राव्याच्या पेशीतून कमी द्राव्याच्या पेशीत. नुसत्या Ψs वरून दिशा सांगणं फक्त दोन्हीकडे दाब सारखा असतानाच चालतं.

सूत्र कुठे कमी पडतं

Ψs = −iCRT हे सूत्र विरळ द्रावणांसाठी आहे. साखरेचा रेणू मोठा, तो आपल्याभोवती पाणीही धरून ठेवतो, त्यामुळे संहती वाढते तसं खरं द्राव्य विभव सूत्रापेक्षा जास्त ऋण होत जातं. 20 अंशांना 0.4 मोलर सुक्रोजचं मोजलेलं मूल्य −1.12 मेगापास्कल आहे, सूत्र −0.97 देतं. 1 मोलरला मोजलेलं मूल्य सुमारे −3.5 आणि सूत्राचं −2.43. आपल्या टप्प्यात हा फरक दहा ते पंधरा टक्के पडतो. प्रयोगशाळेत सुक्रोजच्या द्राव्य विभवाचा तक्ता लावलेला असेल तर 0.26 आणि 0.42 या संहती तशाच ठेवून मूल्यं तक्त्यातून घ्या. मग Ψ आणि Ψs दोन्ही जास्त ऋण येतील, आणि Ψs जास्त सरकत असल्याने Ψp ही वाढेल. एक सूत्रातून आणि एक तक्त्यातून मात्र कधीही घेऊ नका. तसं केलं तर वजाबाकीत येणारा फरक पेशीचा नसून पद्धतींचा असतो.

प्रयोगवहीत उत्तर लिहिताना संहती, द्रावणाचं तापमान, किती वेळ बुडवलं, आणि मूल्यं सूत्रातली की तक्त्यातली, हे चारही लिहा. दशांशाची दोन स्थळं गणितासाठी ठीक आहेत. टिपण्यातल्या चुकीचा अंदाज धरता −0.65 मधला शेवटचा पाच भरवशाचा नाही, आणि +0.34 म्हणजे "0.3 च्या आसपास" एवढंच या साधनांनी म्हणता येतं.